‘हा निबंध यंत्राने लिहिलाय’ अशी खात्री वाटते तेव्हा: परीक्षकाने आधी स्वतःची परीक्षा कशी घ्यावी

एका आंतरशालेय निबंध स्पर्धेच्या अंतिम फेरीचे साठेक निबंध माझ्याकडे आले होते. सगळे टाइप केलेले, नावांच्या जागी क्रमांक. विषय ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. एका निबंधाची सुरुवात अशी होती: ‘बाजार म्हणजे केवळ खरेदी-विक्रीचे ठिकाण नव्हे, तर तो गावाच्या जीवनाचा आरसा असतो.’ मी पेन्सिलीने वाक्याखाली रेघ मारली आणि समासात ‘यं’ लिहिलं. यं म्हणजे यंत्र. पुढची दोन पानं मी वाचली ती त्या ‘यं’च्या चष्म्यातूनच. परिच्छेद सारख्या लांबीचे, यं. शेवटी तात्पर्य, यं. एकही शुद्धलेखनाची चूक नाही, यं. दुसऱ्या परीक्षक सरांना म्हणाले, ‘सर, हा बघा, सरळ चॅटजीपीटी आहे.’ त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. निबंध पहिल्या दहातून बाहेर गेला.

दोन-तीन महिन्यांनी त्याच तालुक्यात शिक्षकांच्या एका कार्यशाळेला गेले होते. एका सरांनी निबंधाच्या तयारीची त्यांची झेरॉक्स सगळ्यांना वाटली. ‘सुरुवात कशी करावी’ या मथळ्याखाली चौथ्या क्रमांकावर होतं: ‘_____ म्हणजे केवळ _____ नव्हे, तर तो _____ चा आरसा असतो.’ रिकाम्या जागांसकट. विचारलं, ‘सर, ही नोट कधीची?’ ‘मॅडम, दोन हजार अकरापासून हीच चालवतोय. पोरांना सुरुवात जमत नाही हो.’

चूक झाली याचं वाईट वाटलंच. पण जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ‘यं’ लिहिताना मला जराही शंका आली नव्हती. शंका आली असती तर थांबले असते, कुणाला विचारलं असतं. खात्रीने मला थांबू दिलं नाही. तेव्हापासून मी आणि माझे दोन सहकारी एक पद्धत वापरतो. निबंध हाती घेण्याआधी आम्ही आमचा अंदाज तपासतो. ती पद्धत इथे सविस्तर लिहिते. सगळ्याला मिळून दोन रविवार लागतात.

खात्री येते कुठून

हापूसची पेटी उघडून नुसत्या वासावर ‘हा अमुक भागातला नाही’ म्हणणारा व्यापारी तुम्ही पाहिला असेल. त्याचं बरोबर का येतं? कारण आंबा कापला जातो. गिऱ्हाईक संध्याकाळी तक्रार घेऊन येतं किंवा दुसऱ्या दिवशी आणखी दोन पेट्या मागतं. चूक त्याला लवकर कळते, पैशांत कळते, आणि हंगामात शेकडो वेळा कळते. अंदाज पक्का होतो तो अशाने.

निबंध कापून बघता येत नाही. मी ‘यं’ लिहिलं तो खरोखर कुणी लिहिला होता, हे मला बहुतेक वेळा कधीच कळत नाही. कळतं ते फार एकांगी. ज्याला पकडलं तो मुलगा कधीतरी कबूल करतो, ते लक्षात राहतं, आणि शिक्षकांच्या खोलीत सांगितलंही जातं. ज्या मुलीवर उगाच संशय घेतला ती गप्प बसते. आणि ज्याने यंत्राकडून लिहून घेऊन माझ्याकडून शाबासकी मिळवली तो सांगायला थोडाच येणार आहे! म्हणजे माझ्या वहीत यश तेवढं जमा होतं, अपयशाची नोंदच होत नाही. असल्या वहीवर दहा वर्षं काढली तरी अनुभव वाढत नाही. खात्री मात्र वाढते.

हे माझ्यापुरतं असतं तर लिहिलं नसतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकाऊ शिक्षकांना आणि सुमारे २०० अनुभवी शिक्षकांना विद्यार्थ्यांचे आणि यंत्राचे निबंध मिसळून वाचायला दिले. कुठला कुणाचा हे दोन्ही गटांना नीट ओळखता आलं नाही, आणि आपण बरोबर आहोत ही खात्री मात्र प्रत्यक्ष निकालापेक्षा बरीच जास्त होती. अनुभवी मंडळी यंत्राचा निबंध ओळखण्यात शिकाऊंपेक्षा सरस ठरली नाहीत, हे मला सगळ्यात बोचलं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात तर संशोधकांनी परीक्षकांना न सांगता खऱ्या परीक्षेत यंत्राची उत्तरं बनावट विद्यार्थ्यांच्या नावाने घुसवली. त्यातली ९४ टक्के कुणाच्या लक्षातच आली नाहीत. अर्थात ते परीक्षक शोधायला बसले नव्हते, रोजच्यासारखे तपासत होते. पण आपणही बहुतेक दिवस तसेच तपासतो.

पहिली पायरी: गठ्ठा तयार करा

चाचणीसाठी असे निबंध हवेत ज्यांचं खरं उत्तर निर्विवाद माहीत आहे. माणसाचे निबंध कुठून आणायचे? जुन्या गठ्ठ्यांतून. चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्याआधीचे, शक्यतो वर्गात बसून हाताने लिहिलेले निबंध घ्या. शाळेच्या कपाटात, स्पर्धेच्या जुन्या फायलींत, हस्तलिखितांच्या अंकांत ते सापडतात. नाव, शाळा, गाव काढून टाका आणि कुणाकडून तरी टाइप करून घ्या. टाइप करणाऱ्याला बजावून सांगा की चुका सुधारायच्या नाहीत, ‘पाणि’ असेल तर ‘पाणि’च राहू द्यायचं. पण टाइप करणं टाळू नका. अक्षर दिसलं की चाचणी संपलीच.

यंत्राचे निबंध तुम्ही स्वतः करू नका, नाहीतर वाचताना आठवतील. एखाद्या सहकाऱ्याला किंवा घरातल्या कॉलेजातल्या मुलाला सांगा. त्याने विषय आणि शब्दसंख्या जुन्या निबंधांइतकीच ठेवायची. महत्त्वाचं म्हणजे सगळे एकाच छापाचे करायचे नाहीत. काही नुसते ‘अमुक विषयावर निबंध लिही’ असं सांगून, काही ‘नववीतल्या ग्रामीण मुलीसारखं लिही, बोलीतले शब्द वापर, दोन-तीन चुका ठेव’ असं सांगून, आणि काही यंत्राने लिहिलेल्यात स्वतःच्या हाताने चार वाक्यं बदलून. खरी मुलं याच तीन वाटांनी जातात. फक्त पहिल्या वाटेचे निबंध घेतलेत तर चाचणी सोपी होईल आणि तुम्ही स्वतःवर खूश व्हाल.

एकूण ४० निबंध पुरेत. त्यात किती माणसांचे आणि किती यंत्राचे हे वाचणाऱ्याला सांगायचं नाही. निम्मे-निम्मे आहेत असं कळलं की मन आपोआप हिशोब जुळवायला लागतं, ‘आतापर्यंत यंत्राचे बारा झाले, आता हा माणसाचा असेल’. उत्तरांची यादी पाकिटात बंद, पाकीट तिसऱ्याच माणसाकडे.

दुसरी पायरी: वाचा, आकडा लिहा, मागे वळू नका

प्रत्येक निबंध वाचून झाला की लगेच तीन गोष्टी लिहायच्या: माणूस की यंत्र, खात्री किती टक्के, आणि एका ओळीत कारण. टक्के ५० पासून १०० पर्यंत. ५० म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १०० म्हणजे पैज लावायला तयार.

आकडा लिहायचा कंटाळा येतो. ‘वाटतंय यंत्राचं’ हे म्हणायला सोपं आहे, कारण ते नंतर कसंही वळवता येतं. ९० लिहिलं की अडकलात, आणि तसं अडकणंच इथे हवं आहे. कारणाची ओळही त्याच वेळी लिहायची. निकाल कळल्यावर आठवलेलं कारण निकालाला साजेसंच आठवतं.

दोघं-तिघं मिळून करत असाल तर वेगवेगळ्या खोल्यांत बसा. मी सरांना ‘सरळ चॅटजीपीटी आहे’ म्हणाले त्या क्षणी आमचे दोन अंदाज राहिले नव्हते. एकच अंदाज दोन तोंडांनी बोलत होता. सरांनी मान डोलावली ती माझ्या आवाजातल्या खात्रीला. आणि त्यांची मान डोलताना पाहून माझी खात्री आणखी वाढली. आमच्या क्षेत्रात ‘दोन परीक्षकांचं एकमत’ याला फार वजन असतं. पण कुणी आधी बोललं असेल तर ते वजन खोटं असतं.

तिसरी पायरी: पाकीट फोडून हिशोब

हिशोब कसा मांडायचा हे एक काल्पनिक पण अगदी शक्य असलेलं उदाहरण घेऊन दाखवते. गठ्ठ्यात २२ निबंध माणसांचे आणि १८ यंत्राचे होते. आपण २० वेळा ‘यंत्र’ म्हटलं, त्यात १० बरोबर. २० वेळा ‘माणूस’ म्हटलं, त्यात १२ बरोबर. म्हणजे ४० पैकी २२.

ऐकायला ‘निम्म्याहून जास्त’ असं बरं वाटतं. पण नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी ४० पैकी १७ ते २३ बरोबर येणं अगदी नेहमीचं आहे. शंभर जणांनी नाणी उडवली तर त्यातल्या साधारण दोघांनाच २७ किंवा त्याहून जास्त मिळतील. म्हणून २७ च्या पुढे गेलात तर आपल्या नजरेत काहीतरी आहे असं म्हणायला जागा आहे. २२ वर नाही.

खरी गंमत पुढे आहे. आता उत्तरं खात्रीप्रमाणे तीन ढिगांत टाका. समजा ९० किंवा जास्त टक्के खात्रीची उत्तरं १४ होती, त्यात ८ बरोबर. ७० ते ८० टक्क्यांची १६, त्यात ९ बरोबर. आणि ५० ते ६० ची १०, त्यात ५ बरोबर. ढिगांवरून नजर फिरवा. पहिल्या ढिगात खात्री साधारण ९५ टक्के आणि बरोबर आलेली उत्तरं ५७ टक्के. तिसऱ्यात खात्री ५५ आणि बरोबर ५०. खात्री पंचावन्नवरून पंच्याण्णववर चढली, अचूकता जवळजवळ जागची हलली नाही.

हा तक्ता एकूण गुणांपेक्षा महत्त्वाचा आहे. कारण आपण सगळे स्वतःला एक सवलत देतो: ‘बाकीच्यांचं सोडा, पण जिथे मला अगदी खात्री असते तिथे मी चुकत नाही.’ कृती आपण त्याच निबंधांवर करतो. गुण तिथे कापतो, पालकांना तिथे बोलावतो. आणि त्याच ढिगात १४ पैकी ६ चुकले आहेत. त्या सहांपैकी चार वेळा आपण माणसाच्या निबंधाला ‘यंत्र’ म्हटलं असेल, तर ती चार मुलं ९० टक्के खात्रीने दोषी ठरली.

तुमचा तक्ता वेगळा येऊ शकतो, आणि यावा. काही जणांची अचूकता खात्रीबरोबर खरंच चढते. तशी चढत असेल तर तुमच्या ‘९०’ ला अर्थ आहे, फक्त तो किती आहे हे तक्त्यातूनच वाचा. ९० लिहिल्यावर ७० टक्के बरोबर येत असेल, तर इथून पुढे मनात ९० आलं की कागदावर ७० लिहायचं.

चौथी पायरी: गठ्ठा बदलला की संशयाचा भावही बदलतो

इथे बरेच हुशार लोकही घसरतात. चाचणीच्या गठ्ठ्यात यंत्राचे निबंध जवळजवळ निम्मे होते. खऱ्या गठ्ठ्यात तेवढे नसतात. समजा स्पर्धेला २०० निबंध आले आणि त्यात २० यंत्राचे आहेत, १८० मुलांचे.

वरच्या उदाहरणातला परीक्षक सोडून देऊ, त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली परीक्षक घेऊ. ती यंत्राचे १०० पैकी ८० निबंध ओळखते, आणि मुलांच्या १०० निबंधांपैकी फक्त १० वर चुकून संशय घेते. अशी व्यक्ती मला भेटली तर मी तिला लगेच आमच्या समितीत घेईन. आता तिच्या हाती हा गठ्ठा द्या. २० पैकी १६ तिने पकडले. उरलेल्या १८० पैकी १८ मुलांवर चुकून शिक्का बसला. म्हणजे ‘यंत्र’ शिक्क्याचे ३४ निबंध, आणि त्यातले १८, निम्म्याहून जास्त, निर्दोष मुलांचे.

तिची नजर बिघडलेली नाही. मुलांचे निबंध मुळातच जास्त आहेत, म्हणून थोडी चूकही जास्त मुलांवर पडते. तिला आतून मात्र यातलं काही जाणवत नाही. चौतीसही निबंध तिला सारखेच ‘यंत्राचे’ वाटतात. म्हणून आपल्या गठ्ठ्यासाठी हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. यंत्राचे निबंध किती असतील हे ठाऊक नसतं, तेव्हा कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन अंदाज धरून दोनदा करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पाचवी पायरी: कारणांची झडती

आता त्या एका ओळीच्या कारणांकडे या. प्रत्येक कारण किती वेळा वापरलं आणि त्यातलं किती वेळा बरोबर निघालं ते मोजा. मराठी परीक्षकांच्या कागदावर जी कारणं येतात त्यातली बरीचशी आधीपासून गाईडांमध्ये मुक्कामाला आहेत. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’, ‘अनन्यसाधारण महत्त्व’, ‘नाण्याच्या दोन बाजू’, ‘केवळ हे नव्हे, तर ते’. हे मराठी यंत्राने मुलांना शिकवलेलं नाही. आपणच शिकवलं, पाठ करून घेतलं आणि त्याला गुण दिले. यंत्रही असलंच लेखन वाचून शिकलं. दोघांचं वळण एक आहे म्हणून लेखक एक ठरत नाही.

‘इंग्रजीवरून उचललेली वाक्यरचना’ हे दुसरं आवडतं कारण. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ असं वाक्य दिसलं की माझ्याही कपाळावर आठी येते. पण इंग्रजी माध्यमातली मुलगी घरी मराठी बोलते आणि विचार इंग्रजी वाक्यात बसवते, तिचं लेखन असंच येतं. फोनवर बोलून टाइप करणाऱ्या मुलाचे शब्दही भलतीकडे जातात. त्यावर एकदा आम्ही ‘यंत्राने गोंधळ घातलाय’ असं लिहिलं होतं. म्हटलं तर खरंच होतं, पण ते यंत्र कीबोर्डचं.

उलट्या बाजूचीही झडती घ्या. कुठले निबंध तुम्ही बेधडक ‘माणूस’ म्हणून सोडले? कॉर्नेल आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४,६०० लोकांवर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना माणसाने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर आणि यंत्राने लिहिलेला तसाच मजकूर यात फरक करायचा होता. अचूकता नाणेफेकीच्या आसपासच राहिली. पण चुका सैरभैर नव्हत्या. ‘मी’, ‘माझं’ अशी भाषा असली, घरच्यांचा उल्लेख असला की लोक तो माणसाचा समजत. यंत्राला नेमकं तेच लिहायला सांगता येतं. आमच्या गठ्ठ्यात आजीचा निबंध होता, लुगड्याच्या सोग्यात बांधलेली नाणी, बाजारातून आणलेला गुळाचा खडा. तिघांनीही ‘माणूस’, मी तर ९५. सहकाऱ्याच्या मुलाने तो यंत्राकडून करून घेतला होता. ‘आजी टाक आणि एखादी जुनी वस्तू टाक’ एवढंच त्याने सांगितलं होतं.

झडतीत एक कसोटी फार उपयोगी पडते. कारणाच्या उलट घडलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं? निबंधात चुका नाहीत म्हणून यंत्राचा. चुका असत्या तर? ‘मुद्दाम ठेवल्या असतील’ असं म्हटलं असतं का? भाषा सपाट म्हणून यंत्राची, आणि अलंकारिक असती तर ‘एवढं या वयात कुठून’ म्हणून यंत्राची? चूक असो वा नसो, दोन्ही वाटा जिथे एकाच निकालाला पोचतात, तिथे ते कारण नाही. निकाल आधी लागलेला असतो आणि कारण मागून धावत येतं. अशी कारणं यादीतून काटली की माझ्या यादीत दोनच उरली.

‘मग सॉफ्टवेअरला विचारू’

हे कुणीतरी म्हणतंच. सावध राहा, कारण ओळख सांगणारी अनेक साधनं मुख्यतः एकच गोष्ट मोजत आली आहेत: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. शब्द जितके ठरावीक, तितका यंत्राचा संशय. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी दिले, आणि सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. ज्याच्याकडे शब्द मोजके, तो दोषी. ओपनएआय कंपनीने स्वतःचं ओळख-साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत काढून घेतलं. हे सगळं इंग्रजीतलं. मराठीच्या बाबतीत त्याहून जास्त भरवसा ठेवायला काही आधार नाही.

आणखी एक धोका आहे. झेरॉक्सवरचं ते ठरावीक वाक्य मला खटकलं, ते साधनालाही खटकेल, आणि त्याच कारणाने. मला वाटेल की दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले. प्रत्यक्षात दोघांनी एकच अफवा ऐकलेली असते.

सहावी पायरी: खरा निबंध समोर असताना

इतकं करूनही संशय येणारच. तो आला की आधी पूर्ण निबंधाला नेहमीच्या निकषांवर गुण देऊन टाका, आणि मगच संशयाची नोंद करा, वेगळ्या कागदावर. उलट क्रमाने केलं तर समासातला ‘यं’ प्रत्येक निकषातून थोडेथोडे गुण खातो आणि कुठे खाल्ले ते सापडत नाही.

नंतर विचारा, वाटण्यापलीकडे यात पडताळून बघता येईल असं काय आहे? काही निबंधांत असतं. सुरुवातीला ‘नक्कीच, खाली दिलेला निबंध’ असं राहून गेलेलं असतं. नसलेल्या पुस्तकाचं नाव किंवा कुणाच्या तोंडी घातलेलं, कुठेही न सापडणारं वाक्य असतं. गावचा बाजार मंगळवारी भरतो आणि निबंधात रविवार असतो. या गोष्टी ग्रंथालयात, गावात, फोनवर तपासता येतात. तपासल्यावरही त्यातून ‘यंत्र’ सिद्ध होतंच असं नाही, मुलंही थापा मारतात. पण निदान चूक नेमकी कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येतं आणि मुलाला उत्तर देता येतं. ‘मला वाटलं’ याला कुणी काय उत्तर देणार?

मुलाशी बोलायचं असेल तर आरोप न करता बोला. ‘हा तू लिहिलास का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, खरा आणि खोटा दोघंही ‘हो’च म्हणतात. त्यापेक्षा ‘भाजीवाल्या मावशींचा प्रसंग शेवटी का घेतलास? आधी काय लिहिलं होतंस आणि काय काढलंस?’ असं विचारा. कच्चा मसुदा किंवा फाइलमधल्या जुन्या आवृत्त्या असतील तर त्या बघा. याही वाटेला मर्यादा आहे. घाबरट मूल स्वतःच्या निबंधावरही बोलू शकत नाही, आणि चटपटीत मूल यंत्राच्या निबंधावर दहा मिनिटं सहज बोलतं. म्हणून शक्य तिथे आधी त्याच वयाच्या दोन-तीन मुलांशी, ज्यांच्याविषयी काहीच शंका नाही, असंच बोलून बघा. त्यांची उत्तरंही किती अडखळतात ते एकदा ऐकलं की संशयित मुलाचं अडखळणं वेगळं वाटेनासं होतं.

नजर कधीच तयार होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०२५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लेखनासाठी चॅटजीपीटीसारखी यंत्रं सतत वापरणाऱ्या पाच जणांच्या बहुमताने ३०० इंग्रजी लेखांपैकी फक्त एकाच्या बाबतीत चूक केली. फारशी सवय नसलेले वाचक त्याच अभ्यासात नाणेफेकीच्या आसपास घुटमळले. पण त्या पाच जणांची नजर चांगली आहे हे आपल्याला कळलं ते उत्तरं माहीत असलेल्या गठ्ठ्यावर तपासल्यामुळे, आणि ते लेख प्रौढांचे, इंग्रजीतले होते. नववीतल्या मुलीच्या मराठीवर त्यांचा किंवा आपला तोच हात चालेल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय यंत्रं बदलतात. आम्ही दर सहा महिन्यांनी नवे यंत्राचे निबंध घालून गठ्ठा ताजा करतो. मागच्या वेळी माझे ४० पैकी २४ आले, त्याआधी २६ होते.

आमच्या समितीच्या गुणतक्त्यात पूर्वी शेवटी ‘स्वतःचे लेखन वाटते का?’ असा रकाना होता, दहा गुणांचा. तो आता काढला आहे. त्याच्या जागी ‘पडताळता येईल अशी बाब आणि ती कोणी, कशी तपासली’ असा बिनगुणांचा रकाना आहे. मागच्या स्पर्धेत २०० च्या आसपास निबंध होते. त्यातल्या तिघांच्याच समोर तो भरलेला होता, आणि त्यातला एक बाजाराच्या वाराविषयी. फोन केल्यावर कळलं की त्या गावचा बाजार गेल्याच वर्षी मंगळवारवरून रविवारवर गेला.